नाडीचा आकडा बरोबर होता, ठेका नव्हता

गोव्यात डिचोलीला मामांच्या घरी रक्तदाबाची एक वही आहे. गेल्या मार्चपासून रोज सकाळी मशीनवर दाब मोजायचा, शेजारी नाडीचा आकडा लिहायचा. ७२, ७४, ७०, ७६. सहा महिन्यांत त्या रकान्यात काळजी करावी असा एकही आकडा नव्हता. तरीही १२ सप्टेंबरला मामांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडल्याचं, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचं, निदान झालं. ते निदान मशीनच्या आकड्यामुळे झालं नाही, मनगटावर ठेवलेल्या बोटांमुळे झालं. मी वॉर्डात परिचारिका आहे. या दीड महिन्यात जे जे केलं ते क्रमाने लिहिते आहे, म्हणजे ज्यांच्या घरी अशी वही आहे त्यांना एक रकाना वाढवता येईल.

३० ऑगस्ट २०२५, शनिवार. चवथीचा चौथा दिवस. मामांकडे गणपती पाच दिवस असतो. संध्याकाळची, घुमट या मातीच्या तालवाद्यावरची आरती संपली तेव्हा मामा "जरा दमल्यासारखं वाटतं" म्हणून खुर्चीत बसले. वय ६८, रक्तदाबाची गोळी चालू, मधुमेह नाही. छातीत दुखणं, घाम, चक्कर यांतलं काही नव्हतं. मशीन लावलं: दाब १४२/८६, नाडी ७४. मामी म्हणाल्या, "बघ, नाडी तर बरोबर आहे." मी मनगट हातात घेतलं.

आधी बोटं कुठे आणि कशी ठेवायची ते सांगते, कारण बहुतेक चुका इथेच होतात. माणसाला पाच मिनिटं शांत बसू द्यायचं. आधीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी, विडी नको. हात मांडीवर किंवा टेबलावर टेकलेला, तळवा वर, मनगट किंचित मागे झुकलेलं. घड्याळ, बांगड्या वर सरकवायच्या. अंगठ्याच्या मुळाखाली मनगटाचं हाड लागतं, त्याच्या आतल्या बाजूला एक ताठ शिर, म्हणजे स्नायूबंध, लागतो. या दोघांच्या मधल्या खळगीत नाडी असते. तिथे तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका अशी तिन्ही बोटं ओळीने ठेवायची. अंगठा वापरायचा नाही, कारण अंगठ्याची स्वतःची नाडी जोरात असते आणि आपण आपलीच मोजत बसतो.

पुढची गोष्ट दाबाची. नवा माणूस जोरात दाबतो, त्यामुळे धमनी बंद होते आणि तो म्हणतो, नाडी लागतच नाही. मी अशी करते: हळूहळू दाबत नाडी नाहीशी होईपर्यंत जायचं, मग बोटं अर्धी सैल सोडायची. ज्या ठिकाणी ठोका सगळ्यात ठसठशीत लागतो तिथे थांबायचं आणि मग दाब बदलायचा नाही. दाब बदलला तर ठोका लहानमोठा झाल्याचा भास होतो, आणि ठोक्याचा लहानमोठेपणा तर आपल्याला खरोखर तपासायचा असतो.

आता मोजायचं नाही. पहिला अर्धा मिनिट आकडा मनातही आणायचा नाही. एकच प्रश्न धरायचा: पुढचा ठोका केव्हा येणार, हे मला आधी कळतं का? दुसऱ्या हाताचं बोट टेबलावर नाडीबरोबर टिकटिकवायचं. लय सम असेल तर पाच-सहा ठोक्यांत आपलं बोट नाडीच्या बरोबरीने पडायला लागतं, वाट बघावी लागत नाही. लय विस्कळीत असेल तर बोट सतत चुकतं. कधी आपण आधी, कधी नाडी आधी. मोजायला लागलं की मन पुढच्या आकड्याकडे जातं आणि दोन ठोक्यांमधलं अंतर निसटतं, म्हणून मोजणं नंतर.

मामांच्या नाडीबरोबर माझं बोट एकदाही जुळलं नाही. दोन ठोके लगोलग, मग लांबलेला एक, मग तीन वेगवेगळ्या अंतरांवर. त्यातले काही ठोके भरदार, काही इतके मऊ की अनामिकेखाली आलेच नाहीत, मधल्या बोटाखाली जेमतेम लागले. पूर्ण मिनिट मोजलं, पंधरा-पंधरा सेकंदांचे चार तुकडे करून: १७, २१, १६, २०. बेरीज ७४. मशीनही ७४च म्हणालं होतं. पण पहिल्याच पंधरा सेकंदांवर चारने गुणलं असतं तर ६८ आले असते, दुसऱ्यावर ८४. चारही तुकडे वेगळे येतात हीच खूण होती, आणि सरासरी तीच खूण पुसून टाकते. घरचं मशीन, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर, दोन्ही सरासरी दाखवतात. ऑक्सिमीटरचा आकडा स्वस्थ बसलेल्या माणसात ६८, ८९, ७५ असा उड्या मारत असेल तर ते बिघडलंय म्हणून बाजूला ठेवू नका, आधी मनगट धरा.

ठोका लहानमोठा का होतो ते कळलं की बोटांना काय शोधायचं ते कळतं. दोन ठोक्यांमधल्या वेळात हृदयाचा खालचा कप्पा रक्ताने भरतो. वेळ कमी मिळाला तर कप्पा अर्धवट भरतो आणि ठोका मऊ येतो. फारच कमी वेळ मिळाला तर हृदय आकुंचन पावतं, पण लाट मनगटापर्यंत पोहोचतच नाही. लांब विश्रांतीनंतरचा ठोका मात्र भरदार. म्हणजे हृदयाचे सगळेच ठोके मनगटावर मोजले जात नाहीत. हे ताडून बघायचं तर दोन माणसं लागतात. घरात स्टेथोस्कोप होता. मी तो डाव्या स्तनाग्राच्या जरा खाली, पाचव्या-सहाव्या बरगडीच्या मधे ठेवला, मामींना मनगट धरायला दिलं, एकच घड्याळ समोर ठेवलं आणि "चल" म्हटल्यावर दोघींनी एकदमच पूर्ण मिनिट मोजलं. छातीवर ८८, मनगटावर ७४. चौदा ठोके वाटेत हरवत होते. दोघींनी एकाच वेळी मोजणं इथे महत्त्वाचं, आधी एक आणि मग दुसरं मोजलं तर फरकाला अर्थ राहत नाही.

त्याच रात्री घरातल्या आणखी दोन नाड्या बघितल्या, कारण मामींचा प्रश्न रास्त होता: चुकलेला प्रत्येक ठोका हा आजारच का? मामींच्या स्वतःच्या नाडीत आठ-दहा सरळ ठोके, मग एक घाईने आलेला मऊ ठोका, मग मोठी पोकळी, मग एक जोरदार ठोका, आणि पुन्हा तीच जुनी सरळ लय. याला एक्टोपिक म्हणतात. यात फरक असा की टेबलावर टिकटिकणारं बोट एकदाच चुकतं आणि लगेच परत जुळतं. ठेक्याचा पाया शाबूत असतो. मामींना अंगणात पाच मिनिटं चालवून आणलं आणि पुन्हा बघितलं, तर ते ठोके नव्हते. तरी त्यांचाही ईसीजी काढून घेतला, तो ठीक निघाला. दुसरी नाडी चौदा वर्षांच्या नातवाची. श्वास आत घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात. त्याला दहा सेकंद श्वास धरायला सांगितला, तर लय एकसारखी झाली. मुलांत आणि तरुणांत हे निरोगीच असतं. मामांना मात्र श्वास धरून काही फरक पडला नाही आणि पाया असा कुठे सापडतच नव्हता.

मामा स्वतः पन्नास वर्षं घुमट वाजवतात. त्यांनी डाव्या हाताने आपलीच नाडी धरली, थोडा वेळ डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "बाय, यात सम कुठे पडते तेच कळत नाही." एवढं नेमकं वर्णन मी पुस्तकातही वाचलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार आणि विसर्जन. रात्रीच धावपळ करायची का, हा निर्णय लक्षणांवर घ्यायचा असतो. छातीत दुखणं, दम लागून बोलता न येणं, भोवळ, तोंड वाकडं होणं, एका हातातली शक्ती जाणं, बोलणं अडखळणं, किंवा स्वस्थ बसूनही नाडी १२०च्या वर राहणं, यांतलं एकही असतं तर १०८ला फोन करून त्याच क्षणी निघालो असतो. यांतलं काही नव्हतं, म्हणून सोमवारची वाट बघितली.

१ सप्टेंबर, सोमवार. सकाळी साडेआठला जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात केस पेपर काढला, तासाभरात ईसीजी झाला, पैसे लागले नाहीत. आणि ईसीजी निर्दोष आला. लय अगदी सरळ. मामा खूश झाले, आणि नेमकी इथेच बहुतेक घरांत गोष्ट संपते. हा आजार सुरुवातीला येऊन-जाऊन असतो. काही तास लय विस्कटते, मग आपोआप जागेवर येते. नेहमीचा बारा लीडचा ईसीजी साधारण दहा सेकंदांची नोंद असतो. त्या दहा सेकंदांत लय बरोबर होती एवढंच तो सांगतो. केंद्रावरच्या डॉक्टरांना मी शनिवारचे चार आकडे आणि छाती-मनगटाचा फरक लिहून दाखवला. त्यांनी दोन वाटा सांगितल्या: चोवीस तास सलग ईसीजी नोंदवणारा होल्टर, किंवा घरी रोज नाडी बघून लय बिघडलेली सापडली की त्याच वेळी ईसीजीला येणं. होल्टरची खाजगीत विचारलेली किंमत ३,००० रुपये होती आणि त्या चोवीस तासांत लय बिघडलीच नाही तर पुन्हा तेच. मामांना दुसरी वाट पटली. ज्यांना भोवळ येते किंवा आधी अर्धांगाचा झटका येऊन गेला आहे त्यांनी मात्र होल्टर टाळू नये.

वहीत मग नवे रकाने आखले: वेळ, लय (सम, एखादा चुकलेला, किंवा पूर्ण विस्कळीत), मिनिटाचा आकडा, ठोका एकसारखा की लहानमोठा. रोज दोनदा, सकाळी उठल्यावर आणि रात्री जेवणाआधी, आणि शिवाय दमल्यासारखं किंवा धडधडल्यासारखं वाटेल तेव्हा. बघणाऱ्या मामी. त्यांना शिकवताना ज्या अडचणी आल्या त्या सांगते. पहिले तीन दिवस त्या प्रत्येक नाडीला "विस्कळीत" लिहीत होत्या. कारण शोधलं तर मामा मधेच बोलत होते आणि बोटं हलत होती. दोघांनीही तोंड मिटून बसायचं ठरल्यावर ते थांबलं. एकदा मामींना आपल्याच बोटांच्या टोकांतली धडधड जाणवली. अशी शंका आली तर दुसऱ्या हाताने स्वतःच्या गळ्याची नाडी हलकेच धरून बघावी: दोन्ही ठेके जुळले तर आपण स्वतःचीच नाडी मोजतो आहोत. थंड हाताला नाडी बारीक लागते, हात आधी चोळून गरम करावा. ज्यांचा हात कापतो त्यांच्यात कंपाचा ठेका नाडीत मिसळतो, तिथे कोपराच्या आतल्या बाजूची नाडी बरी. वयस्क माणसाच्या गळ्याची नाडी मात्र घरी चोळत बसू नये, आणि दोन्ही बाजू एकदम तर कधीच दाबू नयेत.

ते पहिले तीन दिवस सोडले तर ११ सप्टेंबरपर्यंतच्या सगळ्या नोंदी सम. १२ तारखेला, शुक्रवारी, सकाळी सव्वासातला मामींचा फोन आला: "आज पूर्ण विस्कळीत. ७६. दोनदा बघितली." त्यांना चहाही न देता मामांना रिक्षात बसवायला सांगितलं. आठ वाजून चाळीस मिनिटांनी ईसीजी निघाला, आणि या वेळी नाडी ते कागद हे अंतर दीड तासाच्या आतलं होतं.

तो कागद मी जवळून बघितला, तुम्हीही बघू शकता. ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे एक बारीक चौकोन ०.०४ सेकंदाचा. उंच टोकापासून पुढच्या उंच टोकापर्यंतचे चौकोन मोजले: १८, १३, २४, १५, २०. सेकंदांत ०.७२, ०.५२, ०.९६, ०.६० आणि ०.८०. पाच अंतरांची बेरीज ३.६ सेकंद, म्हणजे सरासरी मिनिटाला ८३. चांगलाच आकडा. पण यातलं सगळ्यात लहान अंतर मिनिटाला ११५ या वेगाचं आहे आणि सगळ्यात मोठं ६२ या वेगाचं, आणि दोन्ही दोन सेकंदांच्या आत. उंच टोकाच्या आधी एक छोटा गोल उंचवटा असायला हवा, वरच्या कप्प्यांच्या आकुंचनाचा; तो कुठेच नव्हता, तिथे नुसती बारीक थरथर. मनगटावरचे ७६ आणि कागदावरचे ८३ एकाच वेळचे नव्हते, म्हणून त्यांच्या फरकाला अर्थ नाही; पण ०.५२ सेकंदासारख्या अंतरानंतरचे ठोके मनगटावर हरवू शकतात.

एक व्यावहारिक गोष्ट: या कागदाला उष्णतेने छपाई होते आणि काही महिन्यांत ती फिकट पडते. त्याच दिवशी झेरॉक्स आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. लॅमिनेशन करू नका, गरम रोलरने कागद काळा पडतो. वर तारीख आणि वेळ हाताने लिहा.

केंद्रातून चिठ्ठी मिळाली आणि सोमवारी, १५ सप्टेंबरला, मोठ्या रुग्णालयाच्या हृदयरोग ओपीडीत गेलो. डिचोलीहून पणजीला कदंबची बस, तिथून दुसरी. सातला निघून साडेआठला रांगेत. नंबर अकरा वाजता लागला. सोबत न्यावं ते असं: चिठ्ठी, दोन्ही ईसीजी (निर्दोष असलेलासुद्धा, कारण लय येऊन-जाऊन आहे हे त्यावरूनच कळतं), चालू गोळ्यांची पाकिटं, वही, आधार आणि आरोग्य कार्ड. डॉक्टरांनी वहीचं १२ सप्टेंबरचं पान आणि ३० ऑगस्टचे आकडे बघितले. मग रक्ताच्या तपासण्या लिहिल्या. थायरॉइड, कारण ती वाढल्याने ही लय बिघडू शकते. क्रिएटिनिन, कारण रक्त पातळ करणाऱ्या गोळीची मात्रा मूत्रपिंडावर ठरते. आणि रक्तातलं हिमोग्लोबिन व प्लेटलेट्स. हृदयाच्या सोनोग्राफीची, म्हणजे इकोची, तारीख २२ सप्टेंबर मिळाली.

मामांचा प्रश्न होता, "मला त्रास काही नाही, मग जन्मभराची गोळी कशाला?" उत्तर लयीत नाही, रक्तात आहे. वरचे कप्पे नुसते थरथरतात, नीट आकुंचन पावत नाहीत, त्यामुळे तिथल्या एका कोपऱ्यात रक्त साकळून गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली की अर्धांग. त्रास होवो वा न होवो, हा धोका सारखाच राहतो. धोका मोजायची एक गुणपद्धत आहे: वय ६५ ते ७४ला एक गुण, ७५ आणि पुढे दोन, रक्तदाबाला एक, मधुमेहाला एक, आधीच्या झटक्याला दोन, असं. मामांचे वयाचा एक आणि दाबाचा एक मिळून दोन. पुरुषाला दोन गुण झाले की गोळी सुचवतात. इको आधी यासाठी की संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप अरुंद झालेली असेल तर रक्त पातळ करणारी नवी गोळी चालत नाही, जुनी वॉरफेरिन द्यावी लागते आणि आयएनआर नावाची रक्ततपासणी वरचेवर करावी लागते. मामांची झडप चांगली निघाली. २२ तारखेपासून रक्त पातळ करायला अपिक्साबॅन ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आणि वेग आवरायला मेटोप्रोलॉल. ही मात्रा त्यांच्या तपासण्यांवरून ठरली, दुसऱ्याने बघून घ्यायची नाही. गुडघेदुखीवर औषधाच्या दुकानातून आणून घेतलेली गोळी आता बंद, कारण अशा वेदनाशामकांनी रक्तस्राव वाढतो.

बोटांना न सापडणाऱ्या गोष्टीही आहेत. वरच्या कप्प्यांचा फ्लटर नावाचा दुसरा बिघाड ठरावीक प्रमाणात खाली उतरतो तेव्हा नाडी अगदी सम लागते. पेसमेकर असलेल्याची नाडी, वर लय बिघडलेली असली तरी, सम लागू शकते. आणि वेग दीडशेच्या पुढे गेला की अंतरं इतकी लहान होतात की बोटांना फरक कळेनासा होतो. उलट बोटांनी विस्कळीत म्हटलेल्या बऱ्याच नाड्या ईसीजीवर साध्या एक्टोपिकच्या निघतात. त्यामुळे बोटांनी शंका घ्यायची, निदान कागदाने करायचं.

रक्तदाबाच्या मशीनचंही बदललं. विस्कळीत लयीत प्रत्येक ठोक्याचा दाब वेगळा, म्हणून एका मोजणीवर विसंबता येत नाही. आता मामी एकेका मिनिटाच्या अंतराने तीनदा मोजतात आणि सरासरी लिहितात.

गोळ्या सुरू झाल्यावर मामींना वाटलं होतं की ठेका जुळून येईल. मेटोप्रोलॉल लय दुरुस्त करत नाही, वेग कमी करतं. लय विस्कळीत राहू शकते आणि तेवढ्याने औषध लागू पडत नाही असं होत नाही. बघायचं ते हरवणाऱ्या ठोक्यांकडे. वेग आवरला की लहान अंतरं कमी होतात, कप्पा भरायला वेळ मिळतो आणि जास्त ठोके मनगटापर्यंत पोहोचतात. ५ ऑक्टोबरला रविवारी पुन्हा आम्ही दोघींनी एकाच घड्याळावर मोजलं. मामींनी वहीत लिहिलं: लय विस्कळीत, छातीवर ७०, मनगटावर ६८.